सेव्हन सामुराई, रोज रात्री सव्वा तास: कुठं थांबायचं?

शिरोली_पहिली_पाळी | सोमवार, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. पहिली पाळी असते, त्यामुळं पहाटे साडेपाचला उठणं ठरलेलं. पोरगी नऊच्या सुमारास झोपते. मग साडेनऊ ते पावणेअकरा एवढाच वेळ माझा आणि बायकोचा.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' बघायला घेतला. १९५४ चा सिनेमा, २०७ मिनिटांचा, दरोडेखोरांपासून गाव वाचवायला शेतकरी सात सामुराई आणतात त्याची गोष्ट. एका बैठकीत बघणं शक्यच नव्हतं, म्हणून रोज अर्धा तास धरला आणि डोळे मिटायला लागले की बंद केला. सात रात्री लागल्या आणि सिनेमा हातातून निसटला. एक रात्र तर अशी झाली की सातांतला तो किकुचियो गावकऱ्यांनी लपवलेल्या चिलखतांवरून ओरडत होता आणि नेमकं तिथंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी चालू केला तर पडद्यावर एक माणूस जीव तोडून ओरडतोय आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघतोय, हा का चिडलाय? शेवटच्या लढाईत एकाला मेलेल्या अवस्थेत उचलून आणतात. बायकोनं विचारलं, "अहो, हा कोण होता?" तो गोरोबेई होता, सातांतला एक. तिला ओळखता आलं नाही आणि मलाही दोन मिनिटं लागली. त्याचं मरण आमच्यासाठी वाया गेलं, याचं वाईट वाटतंय.

पुन्हा पहिल्यापासून बघायचा आहे. सव्वा तासापेक्षा जास्त बसता येत नाही. कुठं थांबायचं, मध्ये किती दिवस चालतील आणि परत बसताना सुरुवात कुठून करायची, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

मधली_सुट्टी | सोमवार, रात्री ११:४०

यात अवघड काही नाही. सिनेमातच मध्यंतर आहे. साधारण पावणेदोन तासांनी पाटी येते, तिथं थांबा. दिग्दर्शकानं स्वतः निवडलेली जागा आहे, आपण कशाला डोकं लावायचं? 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', 'बेन हर', बऱ्याच जुन्या मोठ्या सिनेमांना अशी जागा आहे. दोन रात्री, दोन भाग.

शिरोली_पहिली_पाळी | मंगळवार, सकाळी ६:१०

पण पावणेदोन तास बसता येत नाही हीच तर अडचण आहे, दादा. साडेनऊला बसलो तर सव्वाअकरा होतात. मग दुसऱ्या दिवशी भट्टीजवळ डुलकी लागते आणि ते आमच्या कामात धोक्याचं आहे.

भावा_राजारामपुरी | मंगळवार, दुपारी १:१५

भावा, एवढा इचार कशाला कराय लागलायस? १.५ वर टाक की. २०७ मिनिटांचा शिनेमा दोन तास अठरा मिनिटांत खलास. दोन रात्रीत बसतंय बघ. आमी सगळ्या सिरीज असंच बघतोय. जिथं नुसतं चालाय लागलेत तिथं तर २ वर. गोष्ट सगळी कळती, काय बी सुटत न्हाई.

मुक्ता_ताराबाई_पार्क | मंगळवार, रात्री ९:५०

भाऊ, गोष्ट कळेल हे खरं आहे. पण या सिनेमात क्युझो नावाच्या तलवारबाजाची ओळख करून देणारा प्रसंग आहे. आधी काठीनं सामना होतो, हरणारा माणूस ते मान्य करत नाही, म्हणून पुन्हा खऱ्या तलवारीनं. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि बराच वेळ काहीच होत नाही. मग एकच वार, आणि तो माणूस संथ गतीत कोसळतो. त्या 'काहीच होत नाही'मध्येच आपल्याला कळतं की कोण मरणार. वेग वाढवला तर तेवढीच जागा निघून जाते आणि क्युझो म्हणजे सातांतला आणखी एक एवढंच उरतं. शेवटच्या दिवशी त्याला गोळी लागते तेव्हा धक्का बसायचा असेल तर इथं थांबून बघावंच लागतं.

आता मूळ प्रश्नाकडं. मी गेली काही वर्षं घरी महिन्यातून एकदा आठ-दहा जणांना बोलावून लांब सिनेमे दाखवते. त्यातली निम्मी माणसं नोकरीवाली, त्यामुळं तुकडे करावेच लागतात. माझा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर, थांबायची जागा संपणाऱ्या प्रसंगावरून ठरवू नका, पुढं सुरू होणाऱ्या प्रसंगावरून ठरवा.

आपण बहुतेक वेळा उलटं करतो. एखादा प्रसंग छान संपला, गाणं संपलं, कुणी मेलं, की वाटतं इथं थांबूया. पण थांबताना आपण सिनेमात बुडालेलेच असतो, तिथं आपल्याला मदतीची गरज नसते. गरज असते दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन बसल्यावर. त्या वेळी समोर असा प्रसंग हवा जो आपल्याला हळूहळू आत घेईल: नवी सकाळ, नवी जागा, कुणीतरी चालत निघालंय, कुणीतरी कुणाला काहीतरी समजावून सांगतंय. भांडणात, पळापळीत किंवा रडारडीत उतरावं लागलं की मन बाहेरच राहतं. चिलखतांच्या प्रसंगात तुमचं नेमकं तेच झालं.

सेव्हन सामुराईला हे लावून बघूया.

पहिली रात्र सुरुवातीपासून सामुराई गावात पोचेपर्यंत. ते येतात तेव्हा स्वागताला कुणीच नाही, सगळे घरात दडून बसलेत. मग किकुचियो धोक्याचा इशारा ठोकतो आणि तेच गावकरी घाबरून त्यांच्या पायाशी धावत येतात. हा भाग एक तास दहा मिनिटांच्या आसपास संपतो. तिथं थांबा. पुढचा प्रसंग काय आहे? सातांचा म्होरक्या कांबेई हातात नकाशा घेऊन गावाभोवती फिरतोय आणि कुठल्या बाजूनं धोका आहे ते सांगतोय. दुसऱ्या रात्रीची सुरुवात म्हणून याहून चांगला प्रसंग मागून मिळणार नाही. सिनेमा स्वतःच तुम्हाला गाव दाखवून आणतो.

दुसऱ्या रात्री नकाशापासून पुढं चला. मध्यंतराची पाटी वाटेत लागेल, तिथं पाणी पिऊन या आणि पुढं जा. पाटीनंतर कापणी आहे, सावकाश, उन्हातली. मग तीन टेहळे सापडतात. दरोडेखोरांच्या अड्ड्यावर हल्ला करायचं ठरतं आणि काही जण घोड्यांवरून निघतात. ते निघायच्या आधी थांबा. ही रात्र साधारण तासाभराची होईल.

तिसरी रात्र अड्ड्यापासून शेवटपर्यंत. तुमच्या सव्वा तासात बसेल किंवा पाच-सात मिनिटं वर जातील. पहाटेची वेळ, अड्ड्यातले सगळे झोपलेत, हे लोक दबक्या पावलांनी जवळ जातात. प्रसंग लढाईचा असला तरी सुरुवात शांत आहे, तुम्हाला जम बसायला वेळ मिळतो.

मधली_सुट्टी | मंगळवार, रात्री १०:३०

तिसऱ्या भागाबद्दल मला पटलं नाही. सातांतल्या हेइहाचीला पुरल्यावर किकुचियो छपरावर चढून निशाण लावतो, सगळे वर बघतात. तिथं थांबलं तर काय बिघडलं? त्याच्यापेक्षा भरलेली जागा सबंध सिनेमात नाही.

मुक्ता_ताराबाई_पार्क | मंगळवार, रात्री १०:४५

जागा भरलेली आहे याबद्दल दुमत नाही. पण त्यानंतर लगेच काय आहे आठवा. निशाण फडकतंय, लोक रडतायत आणि तेवढ्यात टेकडीवर घोडेस्वार दिसतात. निशाण आणि घोडे एका श्वासात बघायचे आहेत. तिथं तोडलं तर आज रात्री तुम्हाला निशाणाचा आनंद मिळेल, पण उद्या रात्री एकदम टापांच्या आवाजात उतरावं लागेल.

मध्यंतराच्या पाटीबद्दल तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पाटीनंतरचा प्रसंग दिग्दर्शकानं मुद्दाम हलका ठेवलेला असतो, म्हणून ती जागा सुरक्षित असते. पण ती पाच मिनिटांच्या विश्रांतीसाठी आखलेली असते, चोवीस तासांच्या नाही. चालत असेल तर वापरा, पण तीच एक जागा आहे असं समजू नका.

ऑपरेटर_आबा | बुधवार, सकाळी ८:२०

मुक्ताताईंचं वाचून बरं वाटलं. मी कोल्हापुरात एका टॉकीजला सव्वीस वर्षं ऑपरेटर होतो. आता घरी असतो.

त्या वेळी दोन मशिनं असायची. सिनेमा रिळांच्या डब्यांतून यायचा, दोन रिळं जोडून एका स्पूलवर घ्यायचो, ते वीस-बावीस मिनिटं चालायचं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची, दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्या मशिनवर घ्यायचा. प्रेक्षकाला कळता कामा नये. हे सांगायचं कारण असं की इंग्रजी सिनेमांना बहुतेक वेळा मध्यंतर नसायचंच. कॅन्टीनवाला तर मध्यंतरावरच जगायचा. मग आम्ही काय करायचो, मधलं एखादं रीळ संपलं की तिथं दिवे लावायचो. बोलणं अर्ध्यात असलं तरी. पब्लिक ओरडायचं आणि ते बरोबर होतं. रिळाची लांबी कारखान्यात ठरते, गोष्टीचा आणि तिचा संबंध नाही. मालकांना मी एकदा म्हणालो, एक रीळ पुढं घेतो, तिथं जागा चांगली आहे. ते नाही म्हणाले, कारण सामोसे तळून तयार होते. हिंदीला ही अडचण नव्हती. 'संगम'ला आणि 'मेरा नाम जोकर'ला तर दोन-दोन मध्यंतरं होती, बनवणाऱ्यांनीच ठेवलेली.

बूथच्या खिडकीतून मी पब्लिकच बघायचो. मध्यंतर संपल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी सिनेमात नसतं. खुर्च्या वाजतात, कागद वाजतात, माणसं आपली जागा शोधतात. म्हणून मी दिवे एकदम घालवत नव्हतो, थोडे थोडे कमी करायचो. तुम्ही घरी तेवढं करा. मोठा दिवा घालवा, कोपऱ्यातला छोटा राहू द्या, दोन मिनिटं बसा, मग चालू करा. आणि तिन्ही रात्री त्याच जागेवर बसा.

निशिगंध | बुधवार, दुपारी ३:३०

आबा, दिव्यांचं वाचून माझी एक चूक आठवली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' चालू केला तेव्हा पडदा काळा आणि नुसतं संगीत. मला वाटलं फाइल बिघडलीय. तीनदा बंद करून चालू केली आणि शेवटी पुढं पळवून सिनेमा सुरू झाला तिथं गेले. नंतर कळलं की ते मुद्दाम ठेवलेलं असतं. चित्र नसताना चार-एक मिनिटं संगीत, म्हणजे थिएटरात लोक येऊन बसेपर्यंत. मध्यंतरानंतरही तसंच थोडं संगीत आहे. आता मी ते पळवत नाही. तेवढ्यात चहा होतो आणि कानात ती धून बसते. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग बघायच्या आधी पुन्हा दोन मिनिटं सुरुवातीचं तेच संगीत लावते. वाळवंट परत यायला मला तेवढं पुरतं.

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मी नर्स आहे, रात्रपाळ्या फिरत्या असतात, त्यामुळं सलग तीन रात्री वगैरे मला जमत नाही. बोंदारचुकचा 'वॉर अँड पीस' मी जवळजवळ महिनाभरात बघितला. सात तासांच्या पुढं जातो, पण तो चार भागांत बनवलाय आणि १९६६-६७ मध्ये चार भागांतच प्रदर्शित झालाय. आंद्रेई बोल्कोन्स्की, नताशा रोस्तोवा, १८१२, पिएर बेझुखोव्ह. दुसरा आणि तिसरा भाग यांत माझे नऊ दिवस गेले आणि काही बिघडलं नाही, कारण तिसऱ्या भागात नेपोलियनची स्वारी म्हणजे सगळा रंगच बदलतो. पण पहिल्या भागाच्या मधोमध फक्त एक दिवस सोडला तर सूर पार गेला. त्यामुळं किती दिवसांची फट चालते हे घड्याळावर नाही, सिनेमानं स्वतः तिथं उडी मारलीय का यावर आहे असं मला वाटतं. ताई, तुमचा अनुभव काय?

नावांचा मात्र फार त्रास झाला. एकाच माणसाला कुणी पिएर म्हणतं, कुणी प्योत्र किरिलोविच. मी शेवटी नावं सोडली आणि वहीत खुणा लिहिल्या: चष्मेवाला जाडा, गंभीर राजपुत्र, नाचणारी मुलगी. त्यानं काम झालं.

मुक्ता_ताराबाई_पार्क | बुधवार, रात्री ९:२०

निशिगंध, मी आमच्याकडं दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवत नाही, कारण तिसऱ्या दिवशी माणसं एकमेकांना गोष्ट सांगायला लागतात आणि प्रत्येकाची वेगळी असते. पण आमचे बहुतेक सिनेमे एकसंध असतात. तुम्ही म्हणता तसा ज्यात कथाच काही वर्षं ओलांडते त्यात मी कधी मोठी फट ठेवून बघितलेली नाही. कदाचित तुमचं बरोबर असेल.

खुणांचं शंभर टक्के पटलं. सेव्हन सामुराईलाही तेच करा, शिरोलीकर. कांबेई, गोरोबेई, शिचिरोजी, हेइहाची, क्युझो, कात्सुशिरो, किकुचियो ही नावं पहिल्या खेपेला कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत. टक्कल केलेला म्होरक्या, हसरा सल्लागार, जुना साथीदार, लाकडं फोडणारा, न बोलणारा तलवारबाज, पोरगा, आणि सातवा जो खरा सामुराई नाहीच. एवढं कागदावर असलं की पुरे.

आणखी एक कागद करा. कांबेई नकाशा दाखवतो तेव्हा सिनेमा थांबवून तुम्हीही गाव काढा. पूर्वेला पूल, तो तोडायचा. दक्षिणेला शेतं, ती कापणीनंतर पाण्यानं भरायची. पश्चिमेला कुंपण. उत्तरेची रानातली वाट मुद्दाम उघडी ठेवायची, म्हणजे शत्रू तिथूनच आत येईल आणि आत आलेल्याला एकटं गाठता येईल. लढाईचा सगळा शेवटचा तास या चार बाजूंवर चालतो. कोण कुठल्या बाजूला आहे हे विसरलं की पाऊस, चिखल आणि घोडे एवढंच दिसतं. कांबेई स्वतः दरोडेखोरांसाठी कागदावर गोल काढतो आणि मेला की खोडतो. एकूण चाळीस. तुम्हीही खोडत जा, मग किती उरले हे कुणाला विचारावं लागत नाही.

परत बसताना यंत्र जिथं सोडलं तिथून सुरू करतं. ते करू देऊ नका. त्याआधीचा एक पूर्ण प्रसंग मागं जा, चार-पाच मिनिटांचा, आणि तो त्याच्या सुरुवातीपासून लावा. पेनड्राइव्हवरून बघत असाल तर पुष्कळ टीव्ही जागा लक्षात ठेवत नाहीत, म्हणून थांबताना मिनिटं त्याच कागदावर लिहा.

काळा_चहा | बुधवार, रात्री ११:५५

मला हे सगळं वाचून अस्वस्थ वाटतंय, म्हणून लिहितोय. तुकडे करणं म्हणजे दिग्दर्शकानं दिलेला वेळ नाकारणं आहे. बेला तारचा 'सातानतांगो' घ्या, १९९४ चा, सात तासांहून मोठा. सुरुवातीलाच गोठ्यातून बाहेर पडलेल्या गाई चिखलातून फिरतात, एकच सलग शॉट, सात-आठ मिनिटं. तुमचं शरीर तिथं दमतं, कंटाळतं आणि मग त्या गतीला लागतं. ही गती लागायला मला तास-दीड तास लागला. दर रात्री सव्वा तास बघितला असता तर गती लागायच्या वेळी बंद, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून दमायचं. मी तो एका रविवारी बघितला, दोन विश्रांती घेऊन. सुट्टी काढा, पोरीला आजीकडं ठेवा, पण सलग बघा.

निशिगंध | गुरुवार, सकाळी ७:४०

ज्याला सुट्टी मिळते त्याच्यासाठी हे ठीक आहे. मी सलग सात तास जागी असते ती वॉर्डात.

मुक्ता_ताराबाई_पार्क | गुरुवार, रात्री ९:३५

सातानतांगोबद्दल मी काळा_चहांच्या बाजूनं आहे आणि कारण फक्त गतीचं नाही. त्याचे बारा भाग आहेत आणि काही घटना दोनदा येतात, वेगळ्या माणसाच्या बाजूनं. दारूच्या गुत्त्यात लोक नाचतायत आणि एक लहान मुलगी खिडकीतून आत बघतेय, हे आपण एका भागात तिच्या बाजूनं बघतो आणि नंतरच्या भागात आतून. मध्ये चार दिवस गेले तर दुसऱ्यांदा बघताना ती खिडकी आठवतच नाही आणि सिनेमाचा गाभा निसटतो. तो तोडायचाच झाला तर एवढे भाग एका बैठकीत ठेवावे लागतील आणि ते सव्वा तासात मावत नाहीत.

पण कुरोसावाला तो नियम लागत नाही. त्याचा सिनेमा शरीर दमवत नाही, तो एकेक पायरी रचत जातो: माणसं जमवा, गाव समजून घ्या, लढा. पायऱ्यांच्या मध्ये थांबता येतं. तरी पन्नास मिनिटं ही खालची मर्यादा समजा. त्याच्या खाली गेलात तर प्रत्येक रात्रीची पहिली वीस मिनिटं नुसती जम बसण्यात जातात. तुमच्या अर्ध्या-अर्ध्या तासांत तेच झालं असणार.

भावा_राजारामपुरी | गुरुवार, रात्री १०:१०

ताई, त्यो तलवारीचा शीन साध्या वेगात बघितला. आधी १.५ वर बघितला हुता, तवा वाटलं दोघं उभं हायत नुस्तं. आता बघितलं तर त्यो हरणारा आधीच घाबरलेला दिसतोय. बाकीचा बी साध्यावर लावतो म्हणं, बघू किती जमतंय.

शिरोली_पहिली_पाळी | रविवार, दुपारी १२:३०

सगळ्यांचे आभार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन रात्रींत बघितला. काय झालं ते सविस्तर सांगतो.

पहिल्या रात्री इशारा वाजून गावकरी धावत आले तिथं थांबलो, ७२ व्या मिनिटाला. बायकोला पुढं बघायचं होतं, तरी बंद केला. आबांनी सांगितलं तसा कोपऱ्यातला दिवा ठेवला, फोन दोन्ही आतल्या खोलीत.

दुसऱ्या रात्री नकाशाचा प्रसंग आला तेव्हा बायकोनं पोरीच्या चित्रकलेच्या वहीचं पान फाडून गाव काढलं. नदी, पूल, कुंपण, उत्तरेचं रान. खाली सात खुणा. किकुचियोच्या खुणेपुढं तिनं त्रिकोण काढला, कारण हेइहाची निशाणावर सहा गोल आणि किकुचियोसाठी एक त्रिकोण काढतो. ते तिनं स्वतःच टिपलं. या वेळी चिलखतांचा प्रसंग पहिल्यापासून नीट बघितला. शेतकऱ्यांनी मेलेल्या सामुराईंची चिलखतं लपवलीत म्हणून बाकीचे सहा गप्प बसलेत, आणि हा ओरडून सांगतोय की शेतकऱ्यांना असं तुम्हीच बनवलंत. मागच्या वेळी आम्ही नेमकं इथं तोडलं होतं, हे आता जास्तच लागलं.

तिसऱ्या रात्री गडबड झाली. अड्ड्यावर पोचलो आणि पोरगी उठली. वीस मिनिटं गेली. परत आल्यावर सोडलं तिथून लावला, त्या रिकिची शेतकऱ्याची बायको दारात दिसते तिथून, आणि आम्हा दोघांनाही काही वाटलंच नाही. मग ताईंचं आठवलं. तो सगळा हल्ला पुन्हा पहिल्यापासून, पहाटेपासून लावला. त्यामुळं अकरा वाजून वीस झाले, पण शनिवार होता म्हणून चाललं.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. लढाईत किकुचियो आपली बाजू सोडून बंदूक आणायला जातो. बायको मांडीवरच्या कागदाकडं बघून म्हणाली, "अहो, ती बाजू उघडी पडली." पडद्यावर अजून काही झालं नव्हतं. दोन मिनिटांनी तिथूनच दरोडेखोर आत शिरले आणि योहेई शेतकरी मेला. गोरोबेईला उचलून आणलं तेव्हा तिनं त्याची खूण खोडली आणि बराच वेळ पेन तसंच हातात धरून बसली.

आता पुढचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' ठरलाय. तिथं मध्यंतर सव्वादोन तासांच्या पुढं येतं, म्हणजे आमच्या वेळेत बसत नाही. पहिल्या रात्री कुठं थांबू?

मधली_सुट्टी | रविवार, संध्याकाळी ६:००

मध्यंतरापर्यंतचा भाग दोन रात्रींत करा आणि तिसऱ्या रात्री मध्यंतरानंतरचं संगीत ऐकून सुरुवात करा. तिथं तरी दिग्दर्शकावर विश्वास ठेवा. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा एक अमेरिकन पत्रकार नव्यानं आलेला असतो आणि त्याला सगळं समजावून सांगितलं जातं. मुक्ताताईंच्याच नियमात बसतंय.

मुक्ता_ताराबाई_पार्क | रविवार, रात्री ८:१५

बसतंय, मान्य. पहिली रात्र लॉरेन्स वाळवंटात एकटा रात्रभर विचार करतो आणि त्याला अकाबा बंदर घ्यायचं सुचतं तिथं संपवा. दुसऱ्या रात्री नेफूद वाळवंट ओलांडायला निघायचं. ते मात्र मध्ये तोडू नका. एक माणूस उंटावरून पडून मागं राहतो आणि लॉरेन्स त्याला आणायला परत जातो, तिथपर्यंत सलग जा. पोरगी उठली तर निघायच्या प्रसंगापासून पुन्हा.

ऑपरेटर_आबा | रविवार, रात्री ८:५०

सुरुवातीच्या संगीताला तो कोपऱ्यातला छोटा दिवासुद्धा घालवा. पडदा काळा, खोली काळी. चार मिनिटांनी चित्र येईल तेव्हा बघा.

शिरोली_पहिली_पाळी | रविवार, रात्री ९:१०

बरं आबा. मंगळवारी बसतोय. वहीचं नवीन पान बायकोनं आत्ताच काढून ठेवलंय.